युरोचे रुपये नेमके कोणत्या तारखेला होतात?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. गेल्या महिन्यात आम्ही दोघं इटलीला जाऊन आलो. फ्लोरेन्सच्या हॉटेलचं १,२०० युरोचं बिल ९ तारखेला, शुक्रवारी, व्हिसा क्रेडिट कार्डानं दिलं. त्या दिवशी गूगलवर युरो ९६ रुपये होता, म्हणजे १,१५,२०० रुपये. बँकेच्या ॲपवर लगेच १,१५,७४० दिसले. स्टेटमेंट १८ तारखेला निघालं, त्यात व्यवहार १३ तारखेला नोंदलेला आहे. तीन ओळी आहेत: १,१६,५२० रुपये, मग मार्कअप फी ४,०७८.२० आणि जीएसटी ७३४.०८. एकूण १,२१,३३२.२८. युरो मला १०१ रुपयांच्या वर पडला! बँकेत विचारलं तर 'बिलिंग डेटचा रेट लागतो' एवढंच उत्तर. १८ तारखेला युरो ९७.६० होता, तोच लावला का? बिल आधीच भरून टाकलं असतं तर वाचले असते का? हॉटेलच्या मशीनवर रुपयात पैसे द्यायचा पर्याय आला होता, तो नाकारला, ते चुकलं का? आणि जाण्याआधी घेतलेली ९० युरोची संग्रहालयाची तिकिटं रद्द केली, त्यांचेही ४३१ रुपये कमी परत आले. कुठे फसवलंय का आम्हाला?
— एक वाचक, नाशिक

उत्तर

तुम्ही सगळे आकडे आणि तारखा कळवल्यात, त्यामुळे अंदाज बांधायची गरजच उरली नाही. एक भागाकार केला की अर्ध्याहून जास्त उलगडा होतो. स्टेटमेंटमधली पहिली ओळ घ्या, १,१६,५२०, आणि तिला १,२०० नं भागा. उत्तर येतं ९७.१०. तुमच्या युरोंना लागलेला दर तो हाच. खालच्या दोन ओळींचा दराशी संबंध नाही, ते शुल्क आहे. एकूण रकमेला भागलं की १०१.११ येतात आणि छातीत धस्स होतं, पण त्या आकड्यात दर आणि शुल्क एकमेकांत मिसळलेले आहेत. आधी ते सुटे करायला हवेत.

स्टेटमेंटच्या तारखेचं आधी निकालात काढू. १८ तारखेचा ९७.६० हा दर लावला असता तर पहिली ओळ १,१७,१२० ची आली असती. ती तशी नाही. स्टेटमेंट निघण्याची तारीख म्हणजे महिन्याभराच्या नोंदींखाली रेघ ओढून बेरीज करण्याचा दिवस. तोपर्यंत युरोचे रुपये कधीच होऊन गेलेले असतात.

गोंधळ 'बिलिंग डेट' या शब्दानं केला आहे, आणि त्यासाठी मी तुम्हाला दोष देणार नाही. कार्डाच्या धंद्यात हा शब्द दोन अर्थांनी फिरतो. ग्राहक त्याचा अर्थ घेतो 'स्टेटमेंट निघतं तो दिवस'. काउंटरवरच्या माणसाच्या मनात असतं 'व्यवहार तुमच्या खात्यावर बिल म्हणून चढतो तो दिवस'. मी कार्ड विभागात बरीच वर्षं काढली आणि याच एका शब्दावरून झालेली भांडणं फोनवर ऐकली. दोन्हीकडची माणसं खरं बोलत असायची आणि एकमेकांना खोटं समजायची. बँकेच्या अटींमध्ये हा शब्द सहसा नसतोच. कार्डाबरोबर 'सर्वात महत्त्वाच्या अटी आणि शर्ती' नावाचं जे पत्रक देणं रिझर्व्ह बँकेनं सक्तीचं केलं आहे, त्यात परकीय चलनाच्या कलमात साधारण असं म्हटलेलं असतं, की सेटलमेंटच्या दिवशीचा दर लागेल आणि हा दिवस व्यवहाराच्या दिवसापेक्षा वेगळा असू शकतो. तुमचं कोडं या 'सेटलमेंट'मध्ये आहे.

९ तारखेच्या शुक्रवारी काय झालं ते पाहा. तुम्ही काउंटरवर कार्ड लावलंत. मशीननं व्हिसामार्फत तुमच्या बँकेला विचारलं, या कार्डावर १,२०० युरो देऊ का? बँकेनं होकार दिला आणि तुमच्या मर्यादेतून तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवली. याला होल्ड म्हणतात. पैसे अजून कुठेच गेलेले नसतात, फक्त अडवलेले असतात. अडवायचे तर रुपयात आकडा हवा, म्हणून त्या क्षणी हाताशी असलेला दर धरला जातो. तुमच्या ॲपवरचे १,१५,७४० म्हणजे ९६.४५ चा दर. तो अंदाज होता. आपण मात्र तो आकडा पाहतो आणि 'एवढे कापले' म्हणून मनात पक्का करून टाकतो.

पुढचं काम हॉटेलच्या बाजूनं होतं. दिवसभराचे सगळे व्यवहार हॉटेल एकत्र करून आपल्या बँकेकडे पाठवतं. ती इटलीतली बँक ते व्हिसाकडे पाठवते. व्हिसाच्या यंत्रणेत तुमचा व्यवहार ज्या दिवशी हाताळला जातो, त्या दिवशीचा दर लागून युरोचे रुपये होतात आणि ती रुपयांची मागणी तुमच्या बँकेकडे येते. हीच सेटलमेंट. दुकानं हे काम सहसा त्याच रात्री करतात. हॉटेलं, गाड्या भाड्यानं देणारे आणि पेट्रोलपंप बरेचदा वेळ लावतात, कारण शेवटची रक्कम त्यांना नंतर कळते. तुमच्या बाबतीत मध्ये शनिवार-रविवार आले. चलनाचा बाजार बंद, बँका बंद. सोमवारी गाडं हललं आणि मंगळवारी, १३ तारखेला, नोंद तुमच्या खात्यावर चढली. या चार दिवसांत दर ९६.४५ वरून ९७.१० झाला. ६५ पैसे गुणिले १,२०० म्हणजे ७८० रुपये. वाट पाहण्याची किंमत एवढी. दर उलटा सरकला असता तर हेच ७८० तुमच्या बाजूनं आले असते.

मग ॲपवरचे ९६.४५ आणि गूगलवरचे ९६ यांत ४५ पैशांचा फरक कशाचा? गूगल दाखवतं तो बाजारातला मधला दर, खरेदी आणि विक्री यांच्या मधोमध असलेला आकडा. त्या दरानं तुम्हाआम्हाला कोणी युरो विकत नाही. व्हिसाचा दर घाऊक बाजारातून ठरतो, पण त्यात त्यांचं थोडं अंतर धरलेलं असतं. तुमच्या व्यवहारात त्या अंतराचे ५४० रुपये झाले. ते स्टेटमेंटवर वेगळे कुठेच दिसत नाहीत, दराच्या पोटात जातात. ७८० आणि ५४० मिळून १,३२०. म्हणजे तुम्ही घरी धरलेल्या १,१५,२०० आणि पहिल्या ओळीतल्या १,१६,५२० यांच्यातला फरक पैशापर्यंत जुळला.

आता मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावर बँक घेते ती फी. तुमच्या कार्डावर ती साडेतीन टक्के आहे. भारतातल्या बऱ्याच कार्डांवर मार्कअप एवढाच असतो. तो लावला गेला १,१६,५२० वर, तुमच्या मनातल्या १,१५,२०० वर नाही. म्हणून ४,०७८.२० आले. जीएसटी १८ टक्के लागला तो फक्त या फीवर, हॉटेलच्या बिलावर नाही. तो झाला ७३४.०८. फी आणि कर एकत्र करून लक्षात ठेवायचा आकडा म्हणजे ४.१३ टक्के. बँक जाहिरातीत साडेतीन म्हणते, खिशातून ४.१३ जातात. तुमच्या कार्डाचा मार्कअप जो काही असेल त्याला १.१८ नं गुणा, खरा आकडा मिळेल. दोन टक्के असेल तर २.३६.

दर आणि फी एकमेकांत कसे गुंततात हे नीट समजून घेण्यासारखं आहे. फी ही रुपयातल्या रकमेवर लागते आणि रुपयातली रक्कम सेटलमेंटच्या दरानं ठरते. त्यामुळे दर वर गेला की फीसुद्धा आपोआप वर जाते. तुमच्या १,३२० रुपयांच्या फरकावरही ४.१३ टक्के लागलेच, ५४ रुपये ५२ पैसे. रक्कम छोटी आहे, पण हिशेब न जुळण्याचं कारण बहुतेकदा हीच असते. लोक फी व्यवहाराच्या दिवसाच्या दरावर काढतात, बँकेची फी थोडी जास्त येते आणि मग फोन फिरतात. गणिताची चाल सोपी आहे: युरो गुणिले सेटलमेंटचा दर, आणि जे येईल ते गुणिले १.०४१३. तुमचं म्हणजे

```
1200 × 97.10 × 1.0413 = 121332.28
```

आता यातला मोठा चोर कोण? तुमचा सगळा राग तारखेवर आहे, आणि मला तो चुकीच्या ठिकाणी गेलेला वाटतो. गूगलच्या हिशेबापेक्षा तुम्ही एकूण ६,१३२ रुपये २८ पैसे जास्त दिलेत. त्यातले ४,८१२ रुपये २८ पैसे फी आणि तिच्यावरचा कर आहेत. तारखेनं नेले ते ७८०. उलट विचार करून पाहा. समजा त्या चार दिवसांत युरो पडला असता आणि तुम्हाला ९५.५० चा दर मिळाला असता. पहिली ओळ १,१४,६०० ची आली असती, तुमच्या हिशेबाच्याही खाली. तरी फी आणि करासकट एकूण १,१९,३३२.९८ झाले असते. तुमच्या १,१५,२०० मध्ये हे सगळं बसायचं तर युरोला चार दिवसांत ९२.१९ पर्यंत खाली यावं लागलं असतं, जवळजवळ चार रुपये. असं कधीतरी होतंही, पण त्याच्या भरवशावर कोणी सहलीचा खर्च आखत नाही. दर दोन्ही बाजूंना हलतो. फी एकाच बाजूला बसलेली असते.

बिल आधी भरण्याबद्दल. त्याचा दरावर काहीच परिणाम झाला नसता. तुम्ही ९ तारखेलाच कार्डावर दीड लाख भरून ठेवले असते, तरी व्हिसानं व्यवहार हाताळला त्या दिवसाचाच दर लागला असता. आगाऊ भरलेले पैसे तुमच्या खात्यावर जमा म्हणून पडून राहतात. त्यांनी युरो विकत घेऊन ठेवले जात नाहीत. तसंच स्टेटमेंट निघाल्यावर देय तारखेपर्यंत थांबलात म्हणून दर बदलत नाही. एकदा रुपयात नोंद झाली की तो रुपयांचा हिशेब, युरोचा त्याच्याशी संबंध संपला. एवढं मात्र लक्षात ठेवा, की व्यवहार कोणत्या महिन्याच्या बिलात येईल हे नोंदीच्या तारखेवर ठरतं. हॉटेलनं आणखी उशीर केला असता आणि नोंद १९ तारखेला झाली असती तर ती पुढच्या बिलात गेली असती. काही बँकांमध्ये मार्कअपची ओळ मुख्य व्यवहारानंतर एखाद-दोन दिवसांनी पडते. स्टेटमेंटची तारीख नेमकी मध्ये आली तर खर्च या महिन्यात आणि फी पुढच्या महिन्यात दिसते. मग 'ही कसली फी?' म्हणून माणूस चक्रावतो. तुमच्या स्टेटमेंटमध्ये तिन्ही ओळी एकाच महिन्यात आल्या, ते बरं झालं.

रुपयांचा पर्याय तुम्ही नाकारलात, आणि पूर्ण सहलीत वाचवलेला सगळ्यात सोपा पैसा तोच असावा. त्या काउंटरवरचं मशीन डोळ्यांसमोर आणा. पडद्यावर दोन ओळी येतात, एक `EUR` ची, एक `INR` ची. रुपयांची ओळ ओळखीची वाटते, आकडा पक्का असतो, रिसेप्शनवरची मुलगी हसून म्हणते, तुमच्याच चलनात देता येईल. दमलेला माणूस ती ओळ दाबतो. पण तो दर तुमच्या बँकेचा नसतो आणि व्हिसाचाही नसतो. हॉटेलच्या बाजूनं ही सेवा पुरवणारी कंपनी तो ठरवते आणि आपला नफा त्यात घालते. बाजारदरापेक्षा पाच टक्क्यांच्या आसपास जास्त असणं काही नवलाचं नाही. समजा तिथे युरो १०१ रुपयांना दाखवला असता, तर बिल १,२१,२०० झालं असतं. तुम्ही म्हणाल, मला शेवटी पडलेल्या रकमेपेक्षा हे १३२ रुपयांनी कमीच आहे की! पण गोष्ट तिथे संपत नाही. परदेशी दुकानात रुपयात केलेल्या व्यवहारावरही आपल्याकडच्या बऱ्याच बँका शुल्क लावतात, कोणी एक टक्का, कोणी पूर्ण मार्कअप. एक टक्का धरला तर १,२१२ आणि त्यावर जीएसटी २१८.१६. एकूण १,२२,६३०.१६. पूर्ण मार्कअप लागला तर १,२६,२०५ च्या पुढे. सेटलमेंटच्या दिवसाची अनिश्चितता टाळायला एवढी किंमत मोजायची नसते.

माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत हे असंच झालं. एका दुकानात बाईनं न विचारताच रुपयांचं बटण दाबलं आणि चिठ्ठी हातात ठेवली. चिठ्ठीवर रुपयांची रक्कम आणि दर छापलेला होता. बहिणीनं तो तिथल्या तिथे वाचला, ही रक्कम रद्द करून आमच्या चलनात नको, तुमच्या चलनात करा, असं सांगितलं, आणि त्यांनी केलं. हा निर्णय कार्डधारकानं घ्यायचा असतो, दुकानदारानं नाही, असा व्हिसासारख्या कार्ड नेटवर्कांचाच नियम आहे. मात्र काउंटर सोडण्याआधी चिठ्ठी वाचावी लागते. घरी आल्यावर ते भांडण फार लांबतं.

घरबसल्याही हे होतं. परदेशी संकेतस्थळ किंमत रुपयात दाखवतं, आपण निर्धास्तपणे पैसे देतो, आणि पैसे घेणारी कंपनी परदेशात नोंदलेली असल्यामुळे बँक तिला आंतरराष्ट्रीय व्यवहार समजते आणि शुल्काची ओळ टाकते.

आता तिकिटांचे ४३१ रुपये. तुम्ही या व्यवहाराच्या ओळी कळवल्या नाहीत, पण तिथेही तीच चाल असणार. समजा तिकिटं घेताना युरो ९६.६० नं लागला. ८,६९४ रुपये, मार्कअप ३०४.२९ आणि जीएसटी ५४.७७. परतावा आला त्या दिवशी दर ९५.८० असेल तर जमा झाले ८,६२२. परताव्याला खरेदीच्या दिवसाचा दर मिळत नाही, परताव्याचा व्यवहार नेटवर्कवर हाताळला जातो त्या दिवसाचा मिळतो. दरातल्या फरकाचे ७२ गेले. मार्कअप आणि कराचे ३५९.०६ परतच आले नाहीत. बेरीज ४३१.०६. संग्रहालयानं पूर्ण ९० युरो परत दिले, तरी तुम्हाला खोट बसली. अशा वेळी संग्रहालयाशी भांडू नका. बँकेच्या अटींत परताव्यावर मार्कअप परत देतात का ते वाचा आणि बँकेला लेखी विचारा. काही बँका खरेदीला मार्कअप घेतात आणि परताव्याला उलटी नोंद करत नाहीत. काही करतात. तोच व्यवहार त्याच दिवशी दुकानानं रद्द केला असेल, म्हणजे सेटलमेंटला जाण्याआधीच, तर होल्ड तसाच सुटतो. रुपये झालेलेच नसतात, म्हणून फीसुद्धा नाही. सहलीत चुकीची रक्कम मारली गेली तर 'परतावा करतो' या उत्तरावर समाधान मानू नका, त्या क्षणी रद्द करायला सांगा, ते या कारणासाठी.

हॉटेलात शिरताना अनामत म्हणून अडवलेली रक्कमही अशीच असते. ॲपवर तिचे रुपये दिसतात, पण ती बिलात रूपांतरित झाली नाही तर काही दिवसांनी सुटते. तिच्यावर दरही लागत नाही, मार्कअपही नाही. तोवर मर्यादा अडकून राहते एवढाच त्रास.

पुढच्या सहलीआधी तुमच्या हातात काय आहे? सेटलमेंटचा दिवस नाही. तो हॉटेलच्या हिशेबनिसाच्या हातात आहे. हातात आहे ते कार्ड. हाच व्यवहार दोन टक्के मार्कअपच्या कार्डावर केला असता तर फी आणि कर मिळून २,७४९.८७ झाले असते, म्हणजे २,०६२ रुपये वाचले असते. मार्कअप नसलेली कार्डंही आता मिळतात. त्यावर तुमची पहिली ओळ, १,१६,५२०, हीच शेवटची ठरली असती. तिथेही व्हिसाचा दर सेटलमेंटच्याच दिवसाचा लागतो आणि त्याच्या पोटातलं अंतर तसंच राहतं. 'शून्य मार्कअप' म्हणजे गूगलचा दर नव्हे. कार्डाची वार्षिक फी तुमच्या परदेशातल्या खर्चावर वाचणाऱ्या पैशांपेक्षा कमी आहे ना, तेवढं पाहून घ्या. दोन-तीन वर्षांतून एकदा जाणाऱ्या माणसाला पाच हजारांच्या वार्षिक फीचं कार्ड परवडत नाही.

फसवणूक झाली का, हा तुमचा शेवटचा प्रश्न, आणि तो तुम्हाला स्वतःलाच तपासता येईल. व्हिसाच्या संकेतस्थळावर दर काढायचं पान आहे, मास्टरकार्डाचंही आहे. तिथे तारीख, रक्कम, दोन्ही चलनं आणि बँकेची फी घालायला जागा असते. फीच्या जागी आधी शून्य टाका. एकेक करून ९ ते १३ तारखा घालून पाहा. पैकी एखाद्या दिवसाचा दर ९७.१० च्या आसपास निघाला की पहिली ओळ बरोबर आहे. नोंद १३ ला असली तरी जुळणारा दर १२ चा असू शकतो, कारण व्हिसानं हाताळलेला दिवस आणि बँकेनं नोंदवलेला दिवस यांतही एखाद्या दिवसाचं अंतर पडतं. मग मार्कअपच्या ओळीला पहिल्या ओळीनं भागा. तुमच्याकडे ते साडेतीन टक्के बरोबर येतं. जीएसटीला मार्कअपनं भागा, १८ टक्के येतात. तुमच्या स्टेटमेंटमधल्या या दोन्ही ओळी मी तपासल्या, चोख आहेत.

आसपासच्या कोणत्याच दिवसाचा दर जुळला नाही, तर दोन शक्यता धरा. एक, बँकेनं मार्कअप वेगळा न दाखवता दरातच मिसळला आहे. भागाकाराचं उत्तर नेटवर्कच्या दरापेक्षा साधारण साडेतीन टक्क्यांनी जास्त येईल आणि खाली मार्कअपची ओळ नसेल. यात गैर काही नाही. दोन, रुपयांचं बटण कोणीतरी दाबलं होतं. मग स्टेटमेंटमध्ये परकीय चलनाची रक्कम दिसतच नाही, नुसते रुपये दिसतात. या दोन्हींत बसलं नाही तर बँकेला लेखी विचारा, सेटलमेंटची तारीख आणि लावलेला दर द्या म्हणून. 'बिलिंग डेट' हा शब्द पत्रात वापरूच नका. बिलाबद्दलच्या तक्रारीला बँकेनं ३० दिवसांच्या आत उत्तर द्यायचं असतं. ते आलं नाही किंवा पटलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फुकट.

तुम्हाला सध्या लिहायचंच असेल तर तिकिटांच्या मार्कअपबद्दल लिहा. फ्लोरेन्सच्या बिलात भांडण्यासारखं काही नाही. आणि हॉटेलची ती चिठ्ठी अजून पर्समध्ये असेल तर आजच तिचा फोटो काढून ठेवा. त्या कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जाऊ शकतात, आणि युरोची रक्कम व तारीख एकत्र छापलेला तुमच्या हातातला पुरावा तोच असतो.